साप काढा, पदर ठेवा

वाचकाचे पत्र: “मी निवृत्त शिक्षिका आहे. कुत्र्याला भिणाऱ्या आजीवर एक कथा लिहिली आहे. बेळगावच्या शहापूर भागातल्या गल्लीत शेजारच्या कन्नड कुटुंबाकडे मोती नावाचा लॅब्रॅडोर येतो आणि आजी त्याचा रागराग करते. शेवटी न्हाणीत साप निघतो, मोती भुंकून घर जागे करतो, आजी त्याला कवटाळते आणि कुंदा भरवते. एका दिवाळी अंकाने ‘आजीतला बदल पटला नाही’ एवढीच ओळ लिहून कथा परत पाठवली. साप अधिक खरा कसा करू? की आजीची भीती आधी जास्त रंगवू? सोबत प्रत जोडली आहे.”
— एक वाचक, खानापूर तालुका

ताई,

कथा दोनदा वाचली. सापाबद्दल निश्चिंत राहा, तो खराच आहे. पावसाळ्यात बेडकामागे धामण न्हाणीत शिरते, हे आपल्या भागात कोणालाही पटवून द्यावे लागत नाही. अडचण अशी की साप खरा असूनही त्याच्या पाठीवर तुम्ही जे ओझे टाकले आहे ते त्याला पेलत नाही. ज्याने जीव वाचवला त्याच्याविषयी आजीला कृतज्ञता वाटेल, ती त्याला पोळी टाकील, गल्लीत चार ठिकाणी त्याचे कौतुक सांगेल. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो अचानक भुंकला की तिच्या हातातला तांब्या पूर्वीसारखाच खाली पडेल. उपकाराची जाणीव मनात राहते, भीती मात्र गुडघ्यात आणि छातीत राहते, आणि ती एका रात्रीत तिथून निघत नाही. संपादकांना पटले नाही ते बहुधा हेच असावे.

दुसरा उपाय, भीती आधी जास्त रंगवण्याचा, तर उलटाच बसेल. दरी जितकी रुंद कराल तितकी शेवटची उडी खोटी वाटेल.

माझ्या वडिलांची एक आत्या होती. चैत्रातल्या कोरड्या उन्हातसुद्धा ती दुमडलेली छत्री घेऊन बाहेर पडायची आणि छत्री कधीच उघडायची नाही, कारण ती कुत्र्यांसाठी होती. तिच्या मुलाने एकदा भरवशाचे म्हणून एक पिल्लू उचलून थेट तिच्या मांडीवर ठेवले आणि ‘बघ, काही करत नाही’ असे म्हणून सगळे हसले. त्यानंतर आत्याने त्या मुलाच्या घरी जाणे वर्षभर सोडले. तुमच्या कथेच्या तिसऱ्या पानावर नातू हेच करतो, आजी किंचाळते, घर हसते आणि कथा पुढे जाते. तिथे कथेने थांबायला हवे होते. भिणाऱ्या माणसाला पळायची वाट बंद करून भीतीसमोर उभे केले, तर तो त्या प्रसंगातून एवढेच शिकतो की ही माणसेही भरवशाची नाहीत. हा प्रसंग जरूर ठेवा, फक्त त्याची किंमत आजीकडून आणि नातवाकडूनही वसूल करा; पुढची दोन पाने आजी नातवाच्या हातचे पाणीसुद्धा जरा जपूनच घेते, असे दिसू द्या.

मग बदल दाखवायचा कसा? माझ्या मते अशा कथेत भावना मोजू नयेत, अंतर मोजावे. तुमच्या गल्लीचा नकाशा कागदावर काढा. आजीचे दार, समोरच्या घराचा कट्टा, मधली आठ-नऊ फुटांची वाट आणि कोपऱ्यावरचे दत्ताचे देऊळ. आजीला दर गुरुवारी देवळात जायचे आहे. कट्ट्यासमोरून गेले तर साठ पावले, मागच्या बोळातून वळसा घालून गेले तर तीनशे. कुत्रा आल्यापासून आजी बोळातून जाते आणि ‘इकडे सावली असते’ असे कारण सांगते. एवढे पहिल्या पानावर आले की तुमच्या कथेला मोजपट्टी मिळाली. यापुढे ‘आजीची भीती कमी झाली’ हे वाक्य एकदाही लिहावे लागणार नाही. आज ती कोणत्या वाटेने गेली एवढे सांगितले की वाचक बाकीचे ओळखतो. देवळातल्या दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत आणि आजी त्यांनाही हात जोडते, ही गंमत तुमच्या प्रतीत आहेच. तिच्यावर भाष्य करू नका, ती आपोआप काम करते.

आता कुत्र्याविषयी. लॅब्रॅडोर तुम्ही का निवडला ते समजते, पण तो प्रत्येकाच्या अंगाशी येणारा, सगळ्यांना आपले मानणारा कुत्रा आहे, आणि त्यामुळे मैत्रीचे सगळे काम तोच करून टाकतो. आजीला करायला काही उरत नाही. त्याच्या जागी शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळचा कुत्रा आणून पाहा, ज्याला आपल्याकडे कोणी कारवान म्हणतात. उंच, पोट आत गेलेला, बरगड्या दिसणारा, लांब तोंडाचा; आजी त्याला पहिल्याच दिवशी ‘उपाशी ठेवलाय वाटतं’ म्हणेल. हा कुत्रा परक्या माणसाने अंगाला हात लावलेला सहसा खपवून घेत नाही, पाहुणा आला की उठून लांब जाऊन बसतो. म्हणजे दोन्ही बाजूंनी अंतर राखणारे दोन जीव समोरासमोर आले, आणि मग जो एक पाऊल पुढे टाकील त्याच्या पावलाला अर्थ येतो.

याहून मोठा फायदा वेगळाच आहे. मुधोळचा कुत्रा वासापेक्षा नजरेवर शिकार करतो. त्याच्यासमोर काही झटकन हलले की त्याची मान वळते आणि पाय निघतात. तुमची आजी कट्ट्यासमोरून जाताना काय करते? घाईघाईने चालते, वाऱ्याने पदर मागे फडफडतो. म्हणजे जे होऊ नये म्हणून ती धावते, तेच तिच्या धावण्याने आणि पदराने घडते: कुत्रा उठतो आणि मागे येतो. कुत्र्यापुढे पळू नये असे आपण मुलांना सांगतो त्यामागचे कारण हेच आहे. शेजारणीने हे कधीतरी सहज बोलून दाखवावे, ‘आजी, सावकाश चाला, पदर खोचा, तो बघणारबी नाही.’ आजीला ते पटणार नाही. पण पुढच्या गुरुवारी ती पदर कमरेला घट्ट खोचून निघेल, जणू शेतात भांगलायला निघाली आहे, आणि कुत्रा खरोखरच मान वर करणार नाही. भीतीच्या कथेत पहिला विजय असा, हातात धरण्याजोग्या एका कृतीचा असावा. आजीला आता एक गोष्ट कळली आहे जी तिच्या ताब्यात आहे.

यानंतर आजीला बघायला शिकवा. भिणारा माणूस कुत्र्याकडे एकदाच बघतो आणि त्याला फक्त दात दिसतात. आजी बोळाच्या तोंडाशी, म्हणजे चांगल्या तीस पावलांवर, उभी राहून रोज दोन मिनिटे बघते असे लिहा. तिला हळूहळू फरक दिसू लागेल. मोती पुढचे पाय सरळ ठेवून, पोटावर ताठ बसला असेल तर तो क्षणात उठू शकतो. तोच एका कुशीवर कलंडून मागचा पाय लांबवून पडला असेल तर त्याला उठायला वेळ लागणार. तोंड सैल उघडे आणि जीभ बाहेर असेल तर तो निवांत आहे; हलता हलता एकदम थांबला, तोंड मिटले आणि अंगाचा भार पुढच्या पायांवर आला, तर आज बोळानेच जावे. शेपटीच्या बाबतीत तुमच्या प्रतीत चूक आहे. हलणारी शेपटी म्हणजे आनंद, असे तुम्ही दोनदा लिहिले आहे. खाली सैल सोडून, पार्श्वभागासह हलणारी शेपटी बहुधा तसे सांगते. उंच ताठ धरलेली आणि थरथरल्यासारखी हलणारी शेपटी मात्र सावधगिरीची खूण असते. जांभईचेही तसेच. झोप नसताना कुत्रा पुन्हा पुन्हा जांभया देतो, ओठ चाटतो, तोंड फिरवतो, तेव्हा पुष्कळदा तो स्वतःच अवघडलेला असतो. आजीला एके दिवशी हे लक्षात येते की आपण टक लावून बघितले की हा तोंड फिरवतो. मग ती बघणे जरा कमी करते. इथे ‘मोतीला आजीचे मन कळले’ यासारखी वाक्ये, जी प्रतीत पाच आहेत, सगळी काढून टाका. कुत्र्याला कुत्र्याचेच काम करू द्या.

कथेचा मध्यबिंदू मला तुमच्याच एका ओळीत सापडला, जी तुम्ही दुसऱ्या पानावर टाकून पुढे निघून गेला आहात. आजी दारात दिसली की शेजारीण ओरडून विचारते, ‘आजी, कुत्रं बांधू काय?’ आणि आजी म्हणते, ‘बांध बाई.’ हा प्रश्न रोज येऊ द्या. आजीने ‘बांध’ म्हटले की साखळी ओढल्याचा आवाज येतो, आणि कुत्र्यावर नसला तरी त्या आवाजावर आजीचा विश्वास बसतो. भीती कमी होते ती बऱ्याचदा अशीच: सूत्र आपल्या हातात आहे, आपण नाही म्हटले तर ऐकले जाते, याची खात्री पटल्यावर. महिना-दोन महिने हे चालल्यावर एका दुपारी आजी बाहेर येते, शेजारीण विचारते, आणि आजी कट्ट्याकडे बघून, आवाज खाली करून म्हणते, ‘राहू दे. झोपलाय.’

तुमचा साप जे करू शकला नाही ते या तीन शब्दांनी होते, असे मला वाटते. आजी इथे धीट झालेली नाही, तिला कुत्रा आवडूही लागलेला नाही. तिला फक्त त्याची झोप मोडावीशी वाटत नाही. दिवाळीत फटाक्यांना घाबरून कुत्रा आजीच्या दारात आसरा घेतो आणि ‘तोही भितो’ हे तिला उमगते, असा प्रसंगही तुम्हाला सुचेल. तो मलाही सुचला होता. पण तो इतक्या कथांतून येऊन गेला आहे की वाचक दोन पाने आधीच तिथे जाऊन बसलेला असतो.

आता भीतीच्या कारणाविषयी. लहानपणी कुत्रा चावल्याची हकिकत तुम्ही पूर्ण दीड पान भूतकाळात जाऊन सांगता. तिचा एकच तपशील ठेवा. आजी पंचाहत्तरीची असेल तर तिच्या लहानपणी कुत्रा चावलेल्याला पोटावर रोज एक अशी चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, आणि गावाकडच्या मुलीला त्यासाठी रोज गाडीने शहरातल्या दवाखान्यात आणावे लागे. त्या मुलीच्या आठवणीत चावा कदाचित अंधुक असेल, सुई मात्र स्वच्छ असेल. म्हणून कुत्रा भुंकला की आजीचा हात पदराखालून पोटावर जातो, एवढेच तीन-चार वेळा दाखवा आणि कारण कथेच्या शेवटच्या तिसऱ्या भागापर्यंत सांगू नका. सांगाल तेव्हाही एका वाक्यात, तेही दुसरे काही चालू असताना, उदाहरणार्थ शेंगा सोलताना.

याला जोडून एक दुरुस्ती करायलाच हवी. तुमच्या प्रतीत नातवाला आजच्या काळात, मोबाइल असलेल्या घरात, कुत्रा चावतो आणि त्यालाही पोटात चौदा इंजेक्शने मिळतात. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती जुनी लस भारतात २००४ अखेर बंद झाली. आता लस दंडात देतात. स्नायूत द्यायची असेल तर पहिल्या दिवशी आणि मग तो दिवस शून्य धरून तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, आणि दात लागून रक्त आले असेल तर जखमेतच वेगळे औषधही टोचतात. त्याच पानावर आजी जखमेवर चटणी दाबते. आजी तसे करील, हे खरे आहे, आपल्याकडे अजूनही करतात. पण मग कोणीतरी तिचा हात धरून मुलाची जखम नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतलेली दाखवा आणि मग त्याला दवाखान्यात न्या. कथेने आरोग्याचा धडा देऊ नये, हे मला मान्य आहे. चुकीचा धडाही देऊ नये. खरे तर हा प्रसंग कथेला लागत नाही, आणि माझ्या हातात कात्री असती तर तो गेलाच असता.

त्याच्याऐवजी माघारीचा एक प्रसंग हवा. बदलाच्या कथा सरळ चढणीच्या झाल्या की खोट्या वाटतात, आणि खरी भीती तर कधीच सरळ उतरत नाही. वैशाखातल्या वळवाच्या वाऱ्यात आजी देवळातून परततेय, एका हातात प्रसादाचा द्रोण आहे, खोचलेला पदर सुटतो आणि फडफडतो. मोती सुटा आहे. तो पदराकडे झेपावतो, चावत नाही, अंगाला घासून निघून जातो; पण आजी कट्ट्याच्या पायरीवर बसकण मारते आणि मनगट सुजते. पंचाहत्तरीच्या बाईला कुत्र्यापासून असलेला मोठा धोका पुष्कळदा दातांचा नसून पडण्याचा असतो. आजीची भीती वेडगळ होती असे तुमच्या कथेतल्या सगळ्यांनी आतापर्यंत धरले होते, नातवाने तर नक्कीच. इथे ती थोडी बरोबर ठरू द्या. आजी पुन्हा बोळाने जाऊ लागते. शेजारीण काही न बोलता दारासमोर साखळीची कडी पक्की करून घेते. मग कधीतरी पुन्हा तीस पावलांवरून बघणे सुरू होते, आणि या वेळी अंतर आधीपेक्षा लवकर कमी होते, कारण काय बघायचे ते तिला आता माहीत आहे.

आजीच्या बोलण्यावरही एकदा हात फिरवा. ती प्रतीत पुण्याच्या पुस्तकासारखे बोलते. आपल्याकडची त्या पिढीची बाई ‘मी येते’ म्हणणार नाही, ‘मी येतो की’ म्हणेल. आणि शेजार कन्नड आहे, त्याचा तुम्ही काहीच उपयोग केलेला नाही. मोतीला मराठी कळत नाही! आजीचे ‘हाड हाड’ त्याच्या गावीही नसते. त्याला घरात ‘कुंदर’ म्हटले की तो बसतो. आजीला कन्नड येते ते पाहुण्यांपुरते, ‘बर्री, कुंद्री’, म्हणजे ‘या, बसा’. तेव्हा जिवाच्या आकांताने तिच्या तोंडून कुत्र्यासाठी निघतो तो शब्दही आदरार्थीच असणार: ‘कुंद्री, कुंद्री!’ आणि कुत्रा गोंधळून खरेच बसतो. शेजारीण हसून हसून कट्ट्यावर टेकते. तिसऱ्या पानावर घर आजीला हसले होते. या हसण्यात आजीही सामील आहे, एवढा फरक वाचकाच्या कानाला कळेल.

राहिला शेवट. कवटाळणे काढा. ज्याला परका हात नको असतो असा कुत्रा आणि जिला पन्नास वर्षांहून अधिक काळ कुत्रा नको होता अशी बाई, ही दोघे एकमेकांना मिठी मारणार नाहीत. स्पर्श हवाच असेल तर मोतीने ओले नाक तिच्या बोटांना एकदा लावावे आणि तिने ते पदराला पुसावे. डोक्यावरून हात फिरवणे नको, वरून येणारा हात पुष्कळ कुत्र्यांना नकोसा वाटतो. कुंदाही काढा. इतके गोड कुत्र्याच्या पोटाला बरे नाही, आणि वरून मनुके लावले असतील तर ते त्याला घातकच. शिळ्या भाकरीचा तुकडा, तोही हातातून न देता जरा लांब टाकलेला, पुरे आहे.

मग शेवटचा गुरुवार. मोती आजीच्याच उंबऱ्यालगत कुशीवर कलंडून झोपला आहे, कारण तिथे सकाळचे ऊन येते. आजीला देवळात जायचे आहे आणि बोळाची वाट मागच्या दाराने मोकळी आहे. ती पुढच्या दाराशी येते, थांबते, आणि त्याच्या शेपटीवरून पाय उचलून पलीकडे टाकते. त्या वेळी तिने पदर खोचला होता की नाही, एवढे लिहा आणि कथा तिथे सोडा.